गावाहून मंडळी पोपभेटीला येणार असतील तर

रोमला नवीन आलात की वर्षाच्या आत वसईहून फोन येतो: "आमच्या धर्मग्रामाची मंडळी येतेय, पोपमहोदयांची भेट घडवून दे." गडबडीत हो म्हणू नका. आधी विचारा, भेट म्हणजे नक्की काय हवं आहे?

दर बुधवारी सकाळी सार्वजनिक भेट असते. तिची तिकिटं प्रीफेक्चर, म्हणजे पोपच्या निवासाचा आणि भेटींचा कारभार पाहणारं कार्यालय, फुकट देतं. पैसे मागणाऱ्याकडे कधीही जाऊ नका. "माझी ओळख आहे" म्हणणारे आपलेच लोक इथे बरेच आहेत. मला त्यांचा राग येतो, कारण भोळ्या भाविकांचे पैसे जातात. तिकिटावर जागेचा नंबर नसतो. लवकर येईल तो पुढे बसतो. फक्त आपल्याच शिष्टमंडळाला वेगळी भेट हवी असेल तर प्रीफेक्टच्या, म्हणजे त्या कार्यालयाच्या प्रमुखाच्या, नावे रीतसर पत्र लागतं आणि सोबत आपल्या बिशपांचं शिफारसपत्र. तशी भेट फार थोड्यांना मिळते, हे गावाकडे स्पष्ट सांगा.

बुधवारच्या तिकिटांसाठीचं पत्र इंग्रजीत चालतं, इटालियनमध्ये लिहिलंत तर बरं. एका पानात आटपा. मी मागे लिहिलं ते असं: वसई धर्मप्रांतातल्या धर्मग्रामाचे 28 जण, त्यांत दोन फादर, तीन सिस्टर आणि व्हीलचेअरवरच्या एक आजी. हेतू एकाच वाक्यात: चर्चच्या शताब्दीनिमित्त आशीर्वाद घेणं. आमची मंडळी हेतूच्या जागी चर्चचा सगळा इतिहास लिहून पाठवतात. तो काढून टाका. व्हीलचेअरचा उल्लेख मात्र विसरू नका, त्यांची बसायची सोय निराळी असते. खाली रोममध्ये राहणाऱ्या एकाच माणसाचा पत्ता आणि फोन द्या. आकडा पक्का झाल्याशिवाय पत्र पाठवू नका. मागाहून "अजून सहा जण वाढले" असं कळवलं की सगळं पुन्हा सुरू होतं.

आता तारखा. इथे मी मोठी चूक केली. पहिल्या वेळी पत्रात एकच बुधवार लिहिला, तोही जुलैतला, आणि उत्तर यायच्या आधीच गावाकडे विमानाची तिकिटं काढायला सांगितलं. जुलैत पोप विश्रांती घेतात आणि बुधवारच्या भेटी सहसा बंद असतात. मंडळी आली, सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात फोटो काढून परत गेली. त्यांतल्या काहींनी त्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते. म्हणून तीन बुधवार पसंतीक्रमाने लिहा, जुलै टाळा, पोपचा परदेश दौरा आहे का ते पाहा आणि उत्तर हातात येईपर्यंत कुणालाही तिकीट काढू देऊ नका. इथली कार्यालयं सावकाश चालतात, पण लेखी विनंतीचं उत्तर देतात. दोन-तीन महिने आधी लिहा.

तिकिटं आदल्या दिवशी दुपारनंतर ब्राँझच्या दारापाशी मिळतात. चौकाकडून बॅसिलिकाकडे तोंड केलंत की उजव्या हाताच्या खांबांखाली ते दार आहे.