काजळाची शाई, मायफळाची शाई आणि बोरू: या चुका टाळा

जुन्या पद्धतीची शाई घरी करून पाहणाऱ्यांचे प्रश्न मला नेहमी येतात. शाई फुटते, पुसली जाते, फिकी दिसते, बोरूच्या लेखणीतून एकदम ओघळते, अशा त्या तक्रारी असतात. खोलात गेलं की बहुतेक वेळा एकच घोटाळा सापडतो. शाई दोन जातींची असते आणि एकीचे नियम आपण दुसरीला लावत असतो.

काजळ आणि डिंकाची शाई कागदाच्या वर बसते. काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत. डिंक ते कण कागदाला चिकटवून ठेवतो, एवढंच तिचं काम. मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवट क्षार, यांची शाई मात्र कागदाच्या आत शिरते आणि तिथे हवा लागून काळी होते. पहिली शाई हजारो वर्षं काळीच राहते, पण ओल्या बोटाने पुसता येते. दुसरी पुसली जात नाही, पण प्रमाण चुकलं तर कागदच खाते. प्राचीन इजिप्तचे लेखनिक काजळाच्या वड्या पाण्याने भिजवून लिहीत. बायबलची चौथ्या शतकातली 'कोडेक्स सिनाइटिकस' ही प्रत मायफळाच्या जातीच्या शाईने लिहिलेली आहे. दोन्ही परंपरा जुन्या आहेत. चूक होते ती त्यांची सरमिसळ करताना.

काजळी मिळेल तिथून गोळा करणे

चुलीच्या भिंतीवरची किंवा कंदिलाच्या काचेवरची काजळी खरवडून शाई करू नका. तिच्यात राख, डांबर आणि न जळलेलं तेल असतं. अशी काजळी पाण्यावर तरंगत राहते, कितीही ढवळलं तरी. लिहिल्यावर रंग तपकिरी येतो आणि अक्षराभोवती तेलकट कडा उमटते.

शाईची काजळी दिव्यावर धरावी लागते. पणतीत तिळाचं किंवा जवसाचं तेल घ्या, वात बारीक ठेवा आणि ज्योतीच्या टोकाला जेमतेम लागेल अशा उंचीवर तांब्याची ताटली पालथी घाला. वात मोठी केली तर काजळी भराभर जमते, पण ती तेलकट असते. बारीक वातीची काजळी थोडी आणि सावकाश जमते, पण पिसाने झटकली की मऊ भुकटीसारखी सुटून येते. ही भुकटी इतकी हलकी असते की पाच-सहा ग्रॅमनेच वाटी भरते, त्यामुळे पंखा बंद करूनच कामाला बसा. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद १५५७ साली पूर्ण झाली. तिच्यातल्या तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमावी अशी रचना केलेली होती, आणि ती काजळी शाईसाठी वापरत.

तरीही थोडं तेल राहतंच. इराणकडचे शाई करणारे काजळी कागदाच्या पुडीत बांधून, वर कणकेचा गोळा लावून भट्टीत भाजत. कणीक भाजली जाते आणि उष्णतेने काजळीतलं तेल निघून जातं. घरी हे ओव्हनमध्ये सहज जमतं. मात्र पुडी पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका, गरम काजळीला हवा लागली तर ती धुमसते.

डिंक चुकीचा, किंवा चुकीच्या वेळी

किराणा दुकानात 'डिंक' मागितला तर काय मिळेल याचा भरवसा नाही. कतिरा असेल तर तो पाण्यात फुगून जेली होतो, विरघळत नाही. शाईला बाभळीच्या जातीचा डिंक लागतो. चार खडे रात्रभर कोमट पाण्यात टाका. सकाळी पातळ मधासारखा, एकसारखा रस झाला तर तो डिंक कामाचा. कचरा फडक्यातून गाळून घ्या.

प्रमाणाबद्दल पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस तीन भाग काजळी आणि एक भाग डिंक असं सांगतो. सुरुवातीला हेच घ्या, म्हणजे ६ ग्रॅम काजळीला २ ग्रॅम डिंक. आपल्या आजच्या गुळगुळीत कागदावर एवढा डिंक कधी कधी पुरत नाही, मग थोडा थोडा वाढवायचा. किती वाढवायचा ते ठरवायला एक रेघ ओढून पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या बोटाने घासा. बोट काळं झालं तर डिंक कमी आहे. रेघ चकाकत असेल आणि कागद दुमडल्यावर तिचे तुकडे उडत असतील तर डिंक जास्त झाला.

पण सगळ्यात जास्त बिघाड होतो तो पाणी आधी ओतल्याने. काजळी पाण्यात टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर कशाने फुटत नाहीत. काजळीत आधी फक्त डिंकाचा घट्ट रस घाला आणि लोण्यासारखा गोळा करून खला. हाताला भार जाणवला पाहिजे. मी एका बैठकीत तासभर खलते, मग झाकून ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. खल झाला की नाही हे काचेवर कळतं. थेंबभर गोळा पाण्याने पातळ करून काचेच्या तुकड्यावर ओढायचा आणि उजेडासमोर धरायचा. रवाळ ठिपके दिसले तर खल अपुरा आहे. धुरकट, सलग पडदा दिसला की मग पाणी घालायचं. पुरेसं खललेली शाई बाटलीत लगेच खाली बसत नाही.

मायफळाची शाई पहिल्या दिवशी फिकी दिसली म्हणून हिराकस वाढवणे

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचे परिणाम कळायला वर्ष लागलं.

मायफळ म्हणजे बाळगुटीच्या डबीतलं तेच. नावात फळ असलं तरी ते फळ नव्हे. ओकच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते, त्याभोवती झाड ही गाठ तयार करतं. गाठीत टॅनिन भरपूर असतं. माशी भोक पाडून बाहेर पडली की गाठीचा कस उतरतो, म्हणून घेताना भोक नसलेली, जड, हिरवट-निळसर मायफळं निवडा.

मी ३० ग्रॅम मायफळ जाडसर कुटून ३०० मिली पाण्यात चार दिवस भिजवलं आणि गाळलं. तपकिरी, जिभेला तुरट काढा मिळाला. त्याचे दोन सारखे भाग केले. एकात ५ ग्रॅम हिराकस घातला, दुसऱ्यात १५ ग्रॅम. दोन्हींत ५-५ ग्रॅम डिंकाचा रस. पहिल्या भागाने लिहिलं तेव्हा ओळ राखाडी, पाणचट दिसली, आणि मला वाटलं फसलं. दुसऱ्या दिवशी तीच ओळ काळीभोर झाली होती. कारण असं की हिराकसातलं लोह आणि टॅनिन यांचं जे संयुग आधी बनतं ते फिकं आणि विरघळणारं असतं, म्हणून ते कागदाच्या धाग्यांत शिरतं. मग हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचं काळं, न विरघळणारं रूप होतं. काळेपणा दौतीत यायचा नसतोच, तो कागदावर यायचा असतो.

दोन्ही भागांनी लिहिलेले कागद मी खिडकीत उन्हाला टांगून ठेवले. वर्षाने पाहिलं तर ५ ग्रॅमवाली ओळ काळी होती. १५ ग्रॅमवाली तपकिरी पडली होती, अक्षरांभोवती पिवळट वलय होतं, मागच्या बाजूला अक्षर उलटं उमटलं होतं, आणि घडीवर आलेला 'क' मोडून कागदाला तिथे फट पडली होती. टॅनिनशी जोडी न जमलेलं लोह कागदाचे धागे कुजवत राहतं, आणि शाई बनताना तयार होणारं गंधकाम्ल त्यात भर घालतं. बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातली योहान सेबास्टियन बाख यांची हस्तलिखितं अशाच शाईने पोखरली होती, त्यांची पानं वाचवायला मोठी खटपट करावी लागली. मायफळ तीन भाग आणि हिराकस एक भाग हे प्रमाण अठराव्या शतकात विल्यम लुइस यांनी प्रयोग करून सुचवलं होतं. त्याच्या पुढे जाऊ नका.

हिराकस घेताना रंग पाहा. ताजा हिराकस फिकट हिरवा असतो. खड्यांवर पिवळी-तांबूस पूड धरली असेल तर त्याचं आधीच ऑक्सिडेशन झालेलं आहे, शाई दौतीतच काळी होऊन गाळ बसेल. निळा खडा दिला तर तो मोरचूद आहे, परत करा. आणि हा काढा लोखंडी कढईत उकळू नका, भांड्यातलं लोह त्यात उतरतं आणि तुमचं मापलेलं प्रमाण बिघडतं. यासाठी वापरलेलं भांडं आणि खल पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. वर बुरशी धरत असेल तर दोन लवंगा टाकून ठेवा.

शाई फुटली की शाईला दोष देणे

अक्षराला मुळांसारखे फाटे फुटले तर आधी कागद बदलून बघा. पूर्वीचा हातकागद खळ लावून दगडाने घोटलेला असे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला आणि जुन्नरचा कागदही. तुर्की लेखनिक अंड्याचा पांढरा बलक आणि स्टार्च यांचा थर देत. अशा कागदावर काजळाची शाई वरच राहते, आणि चुकलेलं अक्षर ओल्या बोटाने उचलता येतं. शिकलेल्या माणसाला तुर्कीत 'शाई चाटलेला' म्हणतात ते याच सवयीवरून. बिनखळीच्या कागदावर कोणतीही शाई फुटणारच.

बोरू कापताना

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थांनी बोरू घट्ट, बारीक आणि सरळ बघून घ्यायला सांगितलं आहे. घट्ट हा शब्द मोलाचा. ओला किंवा भुसभुशीत बोरू कापताना छान वाटतो आणि दोन ओळींत टोक फिसकटतं. नखाने दाबून पाहा, खूण उमटली तर तो अजून वाळू द्या.

आधी एक लांब उतरता काप घ्या. मग आतला मऊ गाभा कडक सालीपर्यंत खरवडून काढा. बहुतेक जण इथेच घाई करतात. गाभा राहिला तर तो शाई पितो आणि भलत्या वेळी सोडतो, त्यामुळे पहिलं अक्षर कोरडं आणि दुसरं भरलेलं येतं. मग दोन्ही बाजूंनी टोक निमुळतं करा, मधोमध चीर द्या आणि शेवटी टोक आडवं तोडा. टोक तोडायला खाली कडक पृष्ठभाग हवा. तुर्की लेखनिक त्यासाठी हस्तिदंताची किंवा हाडाची छोटी पट्टी वापरत. मऊ लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर तोडलं तर कडेला धागे सुटतात आणि रेघेची कड दातेरी येते.

चीर साधारण एक सेंटिमीटर पुरते. लांब झाली तर दाब पडताच दोन पाती फाकतात आणि शाई एकदम सुटते. चीर दिसते पण शाई उतरतच नाही असं झालं, तर बोरू उजेडासमोर धरा. चिरेतून उजेडाची बारीक रेघ दिसली तर ती फार उघडी आहे, टोक तेवढं कापून नवं काढा. काहीच दिसत नसेल आणि तरी शाई अडत असेल तर आत जुना डिंक वाळला आहे. टोक पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा.

एवढं करूनही थेंब पडत असेल तर दौतीत बोरू बुडवण्याची पद्धत बघा. अरबी आणि तुर्की लेखनिक दौतीत कच्च्या रेशमाचा गुंता ठेवत आणि बोरू त्याला फक्त टेकवत. रेशीम लागेल तेवढीच शाई देतं आणि टोक तळाला आपटून बोथट होत नाही. रेशीम नसेल तर धुतलेल्या सुती धाग्याचा सैल गुंडा चालतो, पण त्याचे तंतू सुटून चिरेत अडकतात, म्हणून तो दर आठवड्याला बदलावा लागतो.