कंडक्टोमीटरवर बेरियम सल्फेटचा Ksp काढताना

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात हे प्रॅक्टिकल येतं आणि बऱ्याच जणांना ते सोपं वाटतं: इलेक्ट्रोड बुडवा, आकडा लिहा, सूत्रात घाला. मग उत्तर पुस्तकातल्या किमतीच्या दुप्पट किंवा चौपट येतं आणि जर्नलमध्ये 'एक्सपेरिमेंटल एरर' असं लिहून मोकळं व्हायचं. ही प्रॅक्टिकल्स घेताना माझ्या लक्षात आलंय की ती चूक ठरावीक दोन-तीन ठिकाणीच होते, आणि कुठे झाली ते उत्तराच्या आकड्यावरूनच बहुतेक वेळा ओळखता येतं.

आधी आपण काय मोजतोय त्याचा अंदाज घेऊ. बेरियम सल्फेट २५ अंशांना एका लिटरमध्ये साधारण १०⁻⁵ मोल एवढंच विरघळतं. एवढ्या आयनांमुळे पाण्याची वाहकता जेमतेम ३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी वाढते. उकळून गार केलेलं चांगलं डिस्टिल्ड वॉटरसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून १ च्या आसपास जातं, आणि प्रयोगशाळेतल्या कॅनमध्ये चार दिवस पडलेलं पाणी तर सहज ३-४ दाखवतं. म्हणजे जे मोजायचंय ते आणि जे वजा करायचंय ते, दोन्ही एकाच तोलाचे. हा प्रयोग अवघड आहे तो एवढ्यामुळेच.

सेल कॉन्स्टंटपासून सुरुवात करा. इलेक्ट्रोडवर १.० छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. प्लॅटिनमच्या पत्र्या जरा वाकल्या किंवा काळा थर झडला की तो बदलतो. ०.७४५६ ग्रॅम कोरडं पोटॅशियम क्लोराइड एक लिटरमध्ये विरघळवलं की ०.०१ मोलार द्रावण मिळतं. त्याची वाहकता २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असते, ३० अंशांना मात्र १५५२. एप्रिलच्या उन्हाळ्यात वॉटर बाथ न लावता २५ अंशांची किंमत वापरलीत, तर दहा टक्क्यांची चूक इथेच पदरात पडते. बाथमध्ये द्रावण स्थिर होऊ द्या. यंत्रावर सेल कॉन्स्टंटची खुंटी असेल तर ती १.०० वर ठेवा. खुंटीही फिरवली आणि कागदावर पुन्हा गुणाकारही केला, असं हमखास होतं.

समजा आकडा आला १.५०२ मिलिसीमेन्स. १४१३ भागिले १५०२ म्हणजे सेल कॉन्स्टंट ०.९४१ प्रति सेंमी. आता खरी तपासणी: ०.१ मोलार द्रावण घ्या. त्याची वाहकता २५ अंशांना १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. यंत्रावर १३.६६ दिसलं तर कॉन्स्टंट ०.९४३ येतो. दोन्ही जुळले, पुढे चला. पण ०.१ च्या द्रावणाने कॉन्स्टंट चांगलाच जास्त दिला, तर पत्र्यांवरचा काळा थर गेला असावा अशी शंका घ्या. पोलरायझेशनमुळे दाट द्रावणात यंत्र कमी आकडा दाखवतं आणि भागाकार फुगतो. अर्थात द्रावण पातळ करतानाची पिपेटची चूकही असू शकते, म्हणून आधी द्रावण नव्याने करून बघा.

आता या प्रयोगातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पोटॅशियम क्लोराइडमधून काढलेला इलेक्ट्रोड दोनदा धुऊन सरळ पाण्यात बुडवला, तर काय होतं? ०.०१ मोलार द्रावणाचा एकच थेंब, म्हणजे ०.०५ मिली, ५० मिली पाण्यात गेला की वाहकता १.४ ने वाढते. बेरियम सल्फेटचं अख्खं योगदानच ३ आहे! त्यातून काळं प्लॅटिनम सच्छिद्र असतं, त्यात मीठ मुरून राहतं आणि सावकाश बाहेर येतं. म्हणून इलेक्ट्रोड नव्या नव्या पाण्यात बुडवत राहा आणि दर वेळी आकडा वाचा. ओळीने दोन-तीन वेळा तोच आकडा आला की धुणं झालं. बुडवून ठेवल्यावर आकडा हळूहळू चढत असेल, तर अजून झालेलं नाही.

अवक्षेपाचंही तसंच. बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेटची गरम द्रावणं मिसळून अवक्षेप पाडतात (बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत, तोंडाने पिपेट ओढू नका). तो काही वेळ गरम ठेवला की कण मोठे होतात, खाली बसतात आणि धुवायला सोपे जातात. मग वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, ढवळायचं. प्रत्येक धुण्याच्या पाण्याची वाहकता मोजा. ती आधी झपाट्याने उतरते, मग एका आकड्यावर येऊन थांबते. थांबली की मीठ संपलं. गाळणकागद वापरू नका, त्यातूनही आयन येतात. अवक्षेप खाली बसू द्या आणि वरच्या निवळीत इलेक्ट्रोड बुडवा.

पाण्याचा ब्लँकही त्याच पद्धतीने करा: तेच पाणी, तसाच फ्लास्क, तेवढाच वेळ ढवळणं, तोच बाथ. सकाळी मोजलेलं पाणी दुपारच्या द्रावणातून वजा करण्यात अर्थ नाही, कारण मधल्या वेळात दोघांनी सारखी हवा खाल्लेली नसते.

एक उदाहरण सोडवू. पाणी १.७०, संपृक्त द्रावण ४.९० मायक्रोसीमेन्स. फरक ३.२०, त्याला ०.९४१ ने गुणलं की ३.०१ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. आता अनंत विरलतेची मोलर वाहकता. कोष्टकात ½Ba²⁺ साठी ६३.६ आणि ½SO₄²⁻ साठी ८०.० दिलेली असते, बेरीज १४३.६. ही सममूल्य वाहकता. मोलर हवी तर दुप्पट, २८७.२.

```
s   = 1000 × 3.01×10⁻⁶ / 287.2 = 1.05×10⁻⁵ mol/L
Ksp = s² = 1.1×10⁻¹⁰
```

आता हेच आकडे चुकवून पाहा. दुप्पट करायचं विसरलात तर Ksp ४.४ × १०⁻¹⁰, म्हणजे बरोबर चौपट. पाणी वजा केलं नाही तर २.६ × १०⁻¹⁰. सेल कॉन्स्टंट १.०० धरला तर १.२ × १०⁻¹⁰. कॉन्स्टंटमधली सहा टक्क्यांची चूक वर्गामुळे तेराच्या आसपास जाते, तरी ती पहिल्या दोघींपुढे किरकोळच. माझ्या मते मुलं कॉन्स्टंटच्या तिसऱ्या दशांशावर जेवढा वेळ घालवतात, तेवढा इलेक्ट्रोड धुण्यावर घालवला तर उत्तर जास्त सुधारेल.

उत्तर १.०९८ × १०⁻¹⁰ असं मात्र लिहू नका. दोन्ही आकडे ०.१ ने इकडेतिकडे होत असतील तर फरकातच चारेक टक्क्यांची अनिश्चितता आहे, वर्ग केल्यावर नऊ. १.१ एवढंच लिहा. एक्स्टर्नल बहुधा इथेच पुढचा प्रश्न टाकतात: मग हीच रीत कॅल्शियम कार्बोनेटला चालेल का? नाही चालणार. कार्बोनेट आयन पाण्याशी अभिक्रिया करून बायकार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड देतो, त्यामुळे वाहकता नेमकी कोणत्या आयनांची हेच ठरत नाही. कॅल्शियम सल्फेटची अडचण वेगळी: ते इतकं विरघळतं की आयन जोड्या करून बसतात, आणि अनंत विरलतेची किंमत तिथे लावता येत नाही.