माणूस अचानक कोसळला तर: हातांनी छाती दाबणं आणि एईडी वापरणं

समजा, कार्यालयाच्या जिन्यापाशी साठीचे एक गृहस्थ बोलता बोलता कोसळले. आजूबाजूला तुम्ही आणि आणखी दोघं जण आहात. त्यांचं हृदय बंद पडलं असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत मेंदूला रक्त पोचवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाहेरून छाती दाबत राहणं. हे काम शिकायला अवघड नाही. अवघड आहे ते न थांबणं. या दहा-पंधरा मिनिटांत थांबावंसं वाटायला लावणारे चार-पाच क्षण हमखास येतात. पायऱ्या सांगताना मी त्या क्षणांवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण माणसं चुकतात ती तिथेच.

आधी दहा सेकंदांत ओळखा

जागा सुरक्षित आहे ना, उघडी वीजवायर किंवा रहदारी नाही ना, एवढं एका नजरेत बघा. मग त्यांच्याजवळ गुडघे टेकून दोन्ही खांदे जोरात थोपटा आणि मोठ्यानं विचारा, "काका, ऐकू येतंय का? डोळे उघडा!" प्रतिसाद नसेल तर छातीकडे बघा. ती नेहमीसारखी वर-खाली होते आहे का? यासाठी 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नका. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या अवस्थेत बोटांना स्वतःचीच नाडी लागते, आणि सराव नसलेल्याला यातून खात्रीचं काही कळत नाही.

थांबायला लावणारा पहिला क्षण इथेच येतो. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अनेकांना आचके येतात. तोंड उघडतं, घशातून घरघर किंवा घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. बघणारे म्हणतात, "श्वास चालू आहे, थांबा." पण हा श्वास नव्हे. काही वेळा कोसळताच हातपाय थोडा वेळ झटके देतात आणि लोकांना फिट आल्यासारखं वाटतं. प्रौढ माणूस शुद्धीवर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की हृदय बंद आहे असं धरून चाला.

दोन कामं दोघांवर सोपवा

"कोणीतरी फोन करा" असं ओरडलं तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा करेल. बोट दाखवून सांगा, "तुम्ही रुग्णवाहिकेला फोन लावा, स्पीकर चालू ठेवा आणि इथेच थांबा. तुम्ही एईडी घेऊन या." एईडी म्हणजे ऑटोमॅटेड एक्स्टर्नल डिफिब्रिलेटर. छातीवर चिकटवायच्या दोन पॅडमधून हृदयाची लय तपासणारं आणि गरज असेल तरच शॉक देणारं हे छोटं यंत्र मोठ्या इमारती, स्थानकं, विमानतळ, व्यायामशाळा अशा ठिकाणी भिंतीवरच्या पेटीत ठेवलेलं असू शकतं. तुम्ही एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा आणि हात मोकळे करा. यंत्र अगदी नजरेसमोर असेल तरच आणायला उठा.

दाबायला सुरुवात करा

त्यांना कडक जमिनीवर उताणं झोपवा. गादीवर दाब दिला की छातीऐवजी गादीच दबते. सदऱ्याची बटणं काढण्यात आत्ता वेळ घालवू नका. त्यांच्या छातीला लागून गुडघ्यांवर बसा. एका तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. दुसरा हात त्यावर ठेवून बोटं गुंतवा आणि बरगड्यांवरून उचलून धरा. हाडाच्या अगदी खालच्या टोकावर किंवा पोटावर दाब जाता कामा नये.

आता कोपरं ताठ करून खांदे थेट हातांच्या वर आणा. दाब दंडाच्या ताकदीनं द्यायचा नाही. कमरेतून पुढे झुकून शरीराचं वजन खाली सोडायचं. दंडानं दाबणारा माणूस मिनिटभरात थकतो. छाती किमान 5 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 2 इंच, आत गेली पाहिजे. 6 सेंटिमीटरच्या पुढे मात्र नको. बहुतेक जण भीतीपोटी कमीच दाबतात, त्यामुळे जास्त दाबलं जाईल ही काळजी तुम्ही मागे ठेवा.

वेग मिनिटाला 100 ते 120. मोठ्यानं मोजा. 30 दाब 15 ते 18 सेकंदांत झाले तर वेग बरोबर आहे. त्याहून लवकर झाले तर हात बहुधा उथळ पडताहेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात छातीवरच राहतील, पण त्यांवर रेलू नका. दाबल्यावर रक्त हृदयाबाहेर जातं आणि छाती वर आली की ते परत भरतं. छाती अर्धीच वर आली तर पुढच्या दाबाला ढकलायला रक्तच कमी असतं.

न थांबण्याचा एवढा आग्रह का? हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमध्ये पुरेसा दाब तयार व्हायला सलग बरेच दाब द्यावे लागतात. हात उचलले की तो दाब काही सेकंदांत कोसळतो. म्हणजे पाच सेकंदांची विश्रांती फक्त पाच सेकंदांची नसते. त्यानंतरचे कित्येक दाब पुन्हा तिथवर पोचण्यातच खर्च होतात.

थांबायला लावणारा दुसरा क्षण म्हणजे कट्‌कन आवाज. बरगडी किंवा तिची कूर्चा मोडते, वयस्कर माणसांत तर हे नेहमीचंच. हात जागेवर आहेत ना बघा आणि त्याच जोरानं पुढे चला. बरगडी भरून येते. हृदय चालू असलेल्या माणसावर चुकून दाब दिले गेले तरी गंभीर इजा क्वचितच होते. असा माणूस बहुधा कण्हतो किंवा हात झटकतो, आणि मग तुम्हाला कळतंच.

दर 2 मिनिटांनी माणूस बदला, थकवा जाणवत नसला तरी. खोली कमी होते ते दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही. दुसऱ्यानं समोरच्या बाजूला आधीच गुडघे टेकून तयार राहायचं आणि पहिल्याचे हात उचलले जाताच आपले ठेवायचे.

तोंडानं श्वास देण्याचं काय? अचानक कोसळलेल्या प्रौढाच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेसा प्राणवायू शिल्लक असतो, अडचण फक्त तो पोचवण्याची असते. म्हणून नुसते हात पुरतात. बुडालेली व्यक्ती, घास अडकून गुदमरलेली किंवा अमली औषधाच्या अतिमात्रेनं श्वास थांबलेली व्यक्ती आणि लहान मुलं यांचं तसं नसतं. त्यांचा प्राणवायू आधीच संपलेला असतो. ज्यांना येतं त्यांनी तिथे श्वासही द्यावेत. येत नसेल तर नुसतं दाबणं हे काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

जाता जाता सांगतो, ही पद्धत सापडली ती शॉकवरच्या संशोधनातूनच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोवेन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड नुसते दाबले, तर शॉक द्यायच्या आधीच रक्तदाब वर चढताना दिसला. 1960 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी छाती न उघडता हृदय चालवण्याची ही रीत प्रसिद्ध केली.

एईडी आलं, आता हात थांबवू नका

यंत्र आलं की सगळे त्याच्याभोवती जमतात आणि दाब थांबतात. हा तिसरा क्षण. एकानं दाबत राहायचं, दुसऱ्यानं यंत्र सांभाळायचं. बटण दाबून ते चालू करा. काही यंत्रं झाकण उघडताच चालू होतात. त्यानंतर ते बोलून एकेक सूचना देतं.

आता मात्र छाती पूर्ण उघडी हवी. सदरा फाडा किंवा पेटीतल्या कात्रीनं कापा. स्त्री असेल तर संकोच बाजूला ठेवून अंतर्वस्त्रही बाजूला करा, पॅड कापडावर चिकटवून चालत नाही. घाम किंवा पाणी असेल तर पुसून घ्या. त्वचेवर औषधाची पट्टी असेल तर काढून जागा पुसा. केस फार दाट असतील तर पेटीतला रेझर त्याच दोन जागांवर फिरवा. कॉलरबोनखाली त्वचेआड पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्यावर न लावता थोडं बाजूला लावा.

एक पॅड त्यांच्या उजव्या कॉलरबोनच्या खाली. दुसरं डाव्या बाजूला, काखेच्या काही बोटं खाली, बरगड्यांच्या कडेला. पॅडवर चित्र असतंच. दुसरं पॅड फार पुढे, जवळजवळ छातीच्या मध्यावर लावण्याची चूक नेहमी होते. प्रवाह हृदयातून जायचा तर ते कडेलाच हवं. यंत्र पुन्हा पुन्हा पॅड तपासायला सांगत असेल तर ती कुठेतरी सुटली आहेत किंवा खालची त्वचा ओली आहे. घट्ट दाबून बसवा.

लय तपासतोय असं यंत्रानं म्हटलं की सगळ्यांनी हात काढायचे, कारण स्पर्शानं आणि हालचालीनं वाचन बिघडतं. शॉक द्या असं सांगितलं तर "लांब व्हा!" असं ओरडा, कोणी चिकटलेलं नाही हे डोळ्यांनी बघा आणि चमकणारं बटण दाबा. काही यंत्रं शॉक स्वतःच देतात. अंग एकदम आखडेल. त्याच क्षणी हात पुन्हा छातीवर. "जागे झाले का?" म्हणून बघत थांबणं हा चौथा क्षण. यशस्वी शॉकनंतरही हृदयाला नीट आकुंचन पावायला वेळ लागतो, तोवर रक्त तुम्हीच फिरवायचं असतं. 2 मिनिटांनी यंत्र स्वतःच पुन्हा लय तपासेल.

पाचवा क्षण सगळ्यांत फसवा. यंत्र म्हणतं, "शॉकची गरज नाही," आणि लोक हात सोडतात. कोणी समजतं माणूस वाचला, कोणी समजतं संपला. दोन्ही चूक. शॉकनं फक्त हृदयाची विस्कळीत थरथर किंवा ठरावीक प्रकारची अतिवेगवान लय मोडता येते. चित्रपटात सपाट रेषेला शॉक देऊन हृदय सुरू करतात, तसं प्रत्यक्षात होत नाही. सपाट रेषेवर एईडी शॉक देणारच नाही. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की आत्ता शॉक नको. शुद्ध आणि नेहमीचा श्वास परतलेला नसेल तर दाब लगेच सुरू करा.

कुठवर

त्यांनी डोळे उघडले, हालचाल केली किंवा नीट श्वास घेऊ लागले, तर थांबा आणि कुशीवर वळवा. पण नजर श्वासावर ठेवा, हृदय पुन्हा बंद पडू शकतं. नाहीतर प्रशिक्षित पथक ताबा घेईपर्यंत चालू ठेवा. दोन्ही बाबतींत पॅड काढू नका आणि यंत्र बंद करू नका. पथक आलं की तीन गोष्टी सांगा: ते किती वाजता कोसळले, दाब केव्हा सुरू झाले आणि शॉक किती दिले. हे सांगतानाही एकाचे हात छातीवर चालूच हवेत. पथकातला माणूस आपले हात तिथे ठेवेल तेव्हाच ते काढायचे.