दर ४५ दिवसांच्या तारखा, एकाच सूत्रात

जालन्याकडच्या आमच्या मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळ्या दर ४५ दिवसांनी धुतो. ‘दीड महिना’ धरलं की तारखा सरकतात, म्हणून शीटमध्ये A2 ला १० जून २०२५ टाकून B2 मध्ये हे लिहिलं:

```
=SEQUENCE(9,1,A2,45)
```

३६५ दिवसांत पहिली धरून ९ तारखा बसतात. आधी 45818 असे आकडे दिसले. B रकान्याला Date फॉरमॅट दिल्यावर २५ जुलै, ८ सप्टेंबर अशा तारखा उमटल्या. शेवटची ५ जून २०२६.

पुढच्या वर्षी पुन्हा १० जून टाकू नका, पाचच दिवसांत दुसरी धुणी येते. शेवटच्या तारखेत ४५ मिळवा: २० जुलै.