नवे सेल घालूनही रिमोटची गाडी हळू चालते तेव्हा

गाडी हळू चालली की लोक थेट मोटर बदलायला निघतात. ती घाई करू नका. नव्या सेलवरही गाडी रखडत असेल, तर दोष बहुतेक वेळा सेलच्या जोडीत नाहीतर सेल ठेवायच्या खणात असतो. खाली चार पेन्सिल सेलवर चालणारी नेहमीची गाडी धरली आहे. रिमोटमधले सेल तूर्त बाजूला ठेवा. ते उतरले की गाडी लांबून ऐकत नाही किंवा अडखळते, पण एकसारखी मंद होत नाही.

१. आधी चारही सेल बाहेर काढून एकमेकांशेजारी ठेवा. चारही एकाच प्रकारचे, एकाच कंपनीचे आणि एकाच पाकिटातले हवेत. साधा झिंक-कार्बन सेल भिंतीवरच्या घड्याळात महिनोन्‌महिने चालतो, पण मोटरने जोरात करंट ओढला की त्याचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट, लगेच खाली बसतो. अल्कलाइन सेल तो भार पेलतो. चारही सेल एकामागे एक जोडलेले असल्याने सगळ्यांतून सारखाच करंट जातो, म्हणून तीन अल्कलाइन आणि एक साधा घातला तर तो साधा सेल सगळ्या गाडीला मागे ओढतो. तो पूर्ण रिकामा झाला, की उरलेले तीन त्याच्यातून उलट दाबाने करंट ढकलतात आणि तो गळतो. ‘दोन जुने, दोन नवे’ ही काटकसरही याच कारणाने महागात पडते. चार्ज होणारे सेल बहुतेक 1.2 व्होल्टचे असतात. ते घालायचे तर चारही तसलेच घाला.

२. आता खरी अडचणीची पायरी. स्प्रिंग वरून चकचकीत दिसते म्हणून ती चांगली आहे असे समजू नका. गाडी बंद ठेवून मोजलेल्या व्होल्टवरही विश्वास ठेवू नका, कारण करंट वाहत नसताना खराब जोड जवळजवळ काहीच खात नाही. मोजमाप भाराखालीच करायचे.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर लावा. खणाचे झाकण काढूनही सेल जागेवर राहतात याची खात्री करा. एकाने रिमोटचा पुढे जायचा खटका दाबून धरायचा आणि चाकांवर बोटाने हलका अडसर द्यायचा. चाके पूर्ण अडवू नका, मोटर तापते. दुसऱ्याने आधी प्रत्येक सेलच्या दोन टोकांवर मोजायचे, मग खणातून बाहेर जाणाऱ्या लाल-काळ्या तारांच्या डाकावर.

समजा प्रत्येक सेल 1.45 व्होल्ट दाखवतो. म्हणजे तारांवर 5.8 यायला हवेत, आणि येतात 4.2. मधले 1.6 व्होल्ट जोडांनी खाल्ले. कुठल्या जोडाने, हे शोधायला मीटरचे एक टोक सेलच्या बुडावर आणि दुसरे त्याच स्प्रिंगच्या मुळाशी, पत्र्यावर ठेवा. चांगला जोड 0.05 व्होल्टच्या आत राहतो. एका स्प्रिंगवर 1.1 आणि दुसरीवर 0.3 दिसले, तर फक्त त्या दोन साफ करायच्या. प्लस बाजूची पट्टीही याच रीतीने तपासा.

३. सेल काढा, हातमोजे घाला. अल्कलाइन सेलची पांढरी खरपुडी अल्कधर्मी असते आणि कातडीला भाजते. इअर बडवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन खरपुडीवर टेकवा, बुडबुडे थांबेपर्यंत परत परत. रस खणात ओतू नका, तो सर्किटवर उतरतो. मग पाण्याने ओलसर बडने आंबट अंश पुसून घ्या आणि खण पूर्ण वाळू द्या. आंबट तसेच राहिले, तर स्प्रिंगला नव्याने गंज चढतो.

उरलेला काळपटपणा पेन्सिलच्या खोडरबराने काढा. तेवढ्याने भागले नाही तरच बारीक पॉलिश पेपर, तोही दोन-तीन हलके हात. जोरात घासलात तर स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा जातो आणि खालचे पोलाद गंजते. अॅल्युमिनियमच्या फॉइलची घडी अजिबात घालू नका. ती सरकली तर शॉर्ट होतो.

४. दबलेली स्प्रिंग चिमट्याने दोन-तीन मिलिमीटर वर ओढा.

५. पुन्हा मोजा. त्या स्प्रिंगवर अजूनही 0.1 पेक्षा जास्त येत असेल, तर मागची तार पाहा. गळलेला द्रव प्लास्टिकच्या आत तारेवर चढतो. आतले तांबे काळे किंवा हिरवे झाले असेल, तर चमकदार तांबे लागेपर्यंत तार कापा, लांबी कमी पडली तर नवी जोडा आणि नव्याने डाक द्या. स्प्रिंग गंजून खड्डे पडलेली असेल, तर पत्र्यासकट बदला.