क्वांटमचं प्रकरण दोन पानांत: परीक्षेआधीची तयारी

राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या नोट्स असोत की विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून स्वतः काढलेल्या, क्वांटम मेकॅनिक्सच्या प्रकरणाची पानं साठ-सत्तरच्या खाली क्वचितच येतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती सगळी पुन्हा वाचण्यात वेळ जातो आणि गणित मात्र अडतं. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, पुढे एम.एस्सी.ला आणि नंतर सेट-नेटला आकडेमोड अवघड होत जाते, पण प्रश्नांचा सांगाडा तोच राहतो. म्हणून एक ए-फोर कागद घ्या. पुढच्या बाजूला गृहीतकं आणि ऑपरेटर, मागच्या बाजूला सोडवलेल्या सिस्टिम. तिसरं पान लागलं तर काहीतरी पाठांतराचं आत शिरलंय असं समजा.

गृहीतकांपासून सुरुवात करा आणि ती पुस्तकातून उतरवू नका, स्वतःच्या एकेका वाक्यात लिहा. कणाची सगळी माहिती ψ मध्ये असते आणि ती नॉर्मलाइझ केलेली असते. मोजता येणाऱ्या प्रत्येक राशीला एक हर्मिशियन ऑपरेटर असतो. मोजमापात त्या ऑपरेटरची एखादी आयगेन व्हॅल्यूच मिळते, दुसरं काही नाही. ψ = Σ cₙφₙ असा विस्तार केला, तर n वी किंमत मिळण्याची शक्यता |cₙ|² असते. मोजमाप झाल्याक्षणी ψ ची φₙ होते. आणि कोणी मोजत नसेल तेव्हा ψ श्रोडिंजरच्या समीकरणाप्रमाणे बदलते, म्हणजे प्रत्येक ऊर्जा-स्थितीला e^(−iEₙt/ħ) हा फेज लागतो. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या, कारण पुढे गणित सोडवताना हे क्रमांकच वापरायचे आहेत.

सर्वात जास्त मार्क जातात ते तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याची गल्लत झाल्यामुळे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. तिथे एक्स्पेक्टेशन व्हॅल्यू विचारली असेल तर पुष्कळ मोजमापांची सरासरी काढायची असते. पॉसिबल रिझल्ट्स विचारले असतील तर फक्त आयगेन व्हॅल्यूंची यादी आणि त्यांच्या शक्यता द्यायच्या असतात. सरासरी ही बहुतेक वेळा आयगेन व्हॅल्यू नसतेच, त्यामुळे एका मोजमापात ती कधीही मिळणार नसते. हा फरक कागदावर लाल शाईने लिहिला तरी चालेल.

ऑपरेटरसाठी चार ओळी पुरतात: p = −iħ d/dx, H = p²/2m + V, [x, p] = iħ आणि [Lx, Ly] = iħLz. बाकीचे कम्युटेटर यातून निघतात. उदाहरणार्थ [x, p²] = p[x, p] + [x, p]p = 2iħp. पाठ करण्यापेक्षा ही फोड एकदा हाताने करून ठेवा, म्हणजे [x, H] विचारलं तरी iħp/m लगेच लिहिता येतं.

आता मागची बाजू. इथे सगळ्यात जास्त जागा अनंत भिंतींच्या बॉक्सला द्या, कारण सहाही गृहीतकं एकाच गणितात तपासायची सोय परीक्षकाला इथेच मिळते. भिंती 0 आणि L वर असतील तर φₙ = √(2/L) sin(nπx/L) आणि Eₙ = n²π²ħ²/2mL². भिंती −a ते +a दिल्या असतील तर रुंदी 2a होते आणि छेदात 8ma² येतं. घाईत तिथे 2ma² लिहून ऊर्जा चौपट करणारे दरवर्षी भेटतात. कागदावर एक आकडाही ठेवा: इलेक्ट्रॉन 1 नॅनोमीटरच्या बॉक्समध्ये असेल तर E₁ = 0.376 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. लांबी दहापट कमी केली की ऊर्जा शंभरपट वाढून 37.6 होते. उत्तराचा अंदाज चुकला की काय, हे यावरून कळतं.

या बॉक्समधलं एकच गणित पूर्ण सोडवून ठेवायचं असेल तर ते हे: t = 0 ला ψ = A x(L−x) आहे, पुढचं सगळं काढा. प्रथम नॉर्मलायझेशन. x²(L−x)² चं 0 ते L इंटिग्रेशन L⁵/30 येतं, म्हणून A² = 30/L⁵. मग cₙ, म्हणजे φₙ आणि ψ यांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन. दोनदा बाय पार्ट्‌स केल्यावर n सम असेल तर शून्य आणि विषम असेल तर 8√15/(nπ)³ मिळतं. सम पदं शून्य येणार हे इंटिग्रेशन न करताही दिसतं, कारण x(L−x) हा आलेख मधल्या रेषेभोवती सारखा आहे आणि सम n च्या φₙ त्या रेषेपलीकडे चिन्ह बदलतात. ही एक ओळ उत्तरपत्रिकेत लिहिली की अर्धं काम वाचतं. E₁ मिळण्याची शक्यता 960/π⁶ = 0.9986. पॅराबोला आणि साइनचा पहिला उंचवटा जवळजवळ एकमेकांवर बसतात, त्यामुळे आकडा एकच्या इतका जवळ येणं बरोबरच आहे.

ऊर्जेची सरासरी काढताना Σ|cₙ|²Eₙ या मार्गाने अनंत श्रेणीची बेरीज करावी लागते. सरळ ∫ψHψ घ्या. ψ चं दुसरं डेरिव्हेटिव्ह −2A आहे, म्हणून Hψ = ħ²A/m, एक स्थिर संख्या. मग ⟨H⟩ = (ħ²A²/m)·(L³/6) = 5ħ²/mL². आता तपासा: E₁ मध्ये π²/2 म्हणजे 4.93 आहे आणि सरासरी 5 आली. सरासरी E₁ पेक्षा कमी कधीच येऊ शकत नाही. 4.5 वगैरे आलं असेल तर पुढे जाऊ नका, चूक मागेच आहे.

यानंतर परीक्षक ऊर्जेतली अनिश्चितता विचारतो आणि इथे हुशार मुलंही अडकतात. ⟨H²⟩ साठी ψ वर H दोनदा लावला तर Hψ स्थिर असल्यामुळे H²ψ शून्य येतं, आणि ΔE² = 0 − 25 अशी ऋण संख्या हातात पडते. वर्ग ऋण आला म्हणजे कुठेतरी नियम मोडला आहे. तो नियम असा: बॉक्समध्ये H ज्या फंक्शनवर लावायचा ते भिंतीपाशी शून्य असलं पाहिजे. ψ तसं आहे, पण Hψ ही स्थिर संख्या भिंतीपर्यंत तशीच जाते आणि तिथे एकदम तुटते. त्यावर पुन्हा H लावायची परवानगीच नाही. हर्मिशियन असल्याचा फायदा घेऊन एक H डाव्या बाजूला न्या आणि ⟨Hψ|Hψ⟩ काढा. तो ħ⁴A²L/m² म्हणजे 30ħ⁴/m²L⁴ येतो. मग ΔE² = 30 − 25 = 5, आणि ΔE = √5 ħ²/mL². खात्री हवी असेल तर Σ|cₙ|²Eₙ² ची बेरीजही बरोबर 30 देते, कारण 1 + 1/9 + 1/25 + … = π²/8.

याच गणितात वेळ घाला. प्रत्येक पदाला आपापला फेज लागतो, पण |cₙ|² बदलत नाही, म्हणून E₁ ची शक्यता कायम 0.9986 राहते. ⟨x⟩ सुद्धा L/2 वरून हलत नाही, कारण सगळी पदं विषम n ची, म्हणजे मधल्या रेषेभोवती सारखीच आहेत. प्रश्नात त्याऐवजी φ₁ आणि φ₂ यांची बेरीज दिली असेल तर ⟨x⟩ हलतं आणि त्याची कोनीय वारंवारता (E₂−E₁)/ħ = 3π²ħ/2mL² असते. भिंत अचानक 2L वर सरकली असा प्रश्नही याच पद्धतीने सुटतो: जुनी φ₁ नव्या बॉक्सच्या स्थितींमध्ये मांडा. नव्या तळाच्या स्थितीत सापडण्याची शक्यता 32/9π², म्हणजे 0.36, आणि n = 2 मध्ये बरोबर ½ येते. इथे इंटिग्रेशनची मर्यादा L पर्यंतच असते, कारण L च्या पुढे जुनी ψ शून्य आहे. 2L पर्यंत जाणं ही नेहमीची चूक.

हार्मोनिक ऑसिलेटरसाठी हर्माइट पॉलिनॉमियल पाठ करत बसू नका. x = √(ħ/2mω)(a + a†) आणि a†|n⟩ = √(n+1)|n+1⟩, a|n⟩ = √n|n−1⟩ एवढं कागदावर असलं की ⟨x²⟩ दोन ओळींत येतं: (n+½)ħ/mω. a† आणि a समान वेळा आलेलीच पदं उरतात, बाकीची टाकून द्या. तळाच्या स्थितीत ⟨x⁴⟩ विचारलं तर चौकटीबाहेरचा घटक (ħ/2mω)² आणि आत 3, झालं. अर्ध्या जागेत भिंत घातलेला ऑसिलेटर वारंवार येतो. तिथे x = 0 ला शून्य होणाऱ्या, म्हणजे विषम n च्या स्थितीच चालतात, म्हणून तळाची ऊर्जा 3ħω/2 आणि पुढची 7ħω/2.

हायड्रोजनच्या तळाच्या स्थितीत एकच सापळा लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉन r ते r+dr मध्ये सापडण्याची शक्यता |ψ|² नसून |ψ|²·4πr²dr असते. r² विसरलं की सर्वाधिक शक्यता केंद्रकावर येते. ठेवलं की ती a₀ वर येते. सरासरी अंतर मात्र 1.5a₀, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या जागी लिहू नका. स्पिनसाठी तीन पाउली मॅट्रिक्स, आणि z दिशेने वर असलेल्या स्थितीत Sx मोजला तर दोन्ही उत्तरं ½-½ शक्यतेने येतात, एवढं पुरे. पोटेन्शियल स्टेपसाठी परावर्तन ((k₁−k₂)/(k₁+k₂))² लिहा. येणाऱ्या लाटेचा आयाम A आणि पुढे जाणाऱ्या लाटेचा C असेल, तर पारगमन नुसतं |C/A|² नाही, त्याला k₂/k₁ ने गुणायचं असतं, नाहीतर R + T एक येत नाही.

कागद तयार झाला की तो उलटा ठेवून कोऱ्या पानावर x(L−x) चं गणित सोडवा आणि प्रत्येक पायरीसमोर वापरलेल्या गृहीतकाचा क्रमांक लिहा: नॉर्मलायझेशनला 1, Eₙ च्या यादीला 3, cₙ ला 4, फेजला 6. ज्या पायरीसमोर क्रमांक सुचला नाही, ती ओळ कागदावर अजून नीट लिहिलेली नाही. ती दुरुस्त करा आणि गणित पुन्हा सोडवा. साधारण पंचवीस मिनिटांत ⟨H²⟩ सह ते पूर्ण झालं की पुढच्या सिस्टिमकडे वळा.