हरभऱ्याच्या गाठीतून एकच जिवाणू वेगळा काढण्याची तयारी

मुळावरच्या गाठीतून रायझोबियम, म्हणजे गाठी बनवणारा जिवाणू, वेगळा काढायचा असेल, तर प्रत्यक्ष स्ट्रीकिंग, म्हणजे लूपने प्लेटवर रेघा ओढून जिवाणू विरळ करणं, दोन मिनिटांत उरकतं. ती दोन मिनिटं कशी जाणार हे मात्र आदल्या दोन दिवसांतच ठरलेलं असतं. इथे हरभऱ्याचं उदाहरण घेतो, कारण त्याच्या गाठीतला जिवाणू, रायझोबियमच्याच गटातला मेसोरायझोबियम, एकीकडे काम सोपं करतो आणि दुसरीकडे चांगलंच फसवतो.

सर्वांत आधी प्लेट्स तयार ठेवा. माध्यम यीस्ट अर्क आणि मॅनिटॉलचं. एक लिटरला मॅनिटॉल 10 ग्रॅम, यीस्ट अर्क 1 ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.2 ग्रॅम, मीठ 0.1 ग्रॅम आणि अगर 15 ग्रॅम. सामू 6.8 ते 7 च्या दरम्यान आणा आणि अगर त्यानंतर घाला. काँगो रेडचं पाव टक्क्याचं द्रावण लिटरला 10 मिलि लागतं. हा रंग तोलताना हातमोजे घाला, त्याची पूड चांगली नाही. ऑटोक्लेव्हमधून बाहेर काढलेलं माध्यम 50 अंशांच्या आसपास, म्हणजे फ्लास्क हातात धरवेल इतकं निवलं की प्रत्येक प्लेटमध्ये 15 ते 20 मिलि ओता. घाईने गरम ओतलं तर झाकणावर पाणी धरतं, आणि स्ट्रीकिंगची सगळी मेहनत वाया घालवायला तेवढं पुरतं. पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असला की जिवाणू रेघेवर न राहता त्यात वाहत जातात. काही दिवसांनी कॉलनीऐवजी नुसती साय दिसते. म्हणून प्लेट्स उलट्या ठेवून रात्रभर कोरड्या होऊ द्या. सकाळी त्यातली एक काहीही न लावता इन्क्युबेटरमध्ये ठेवा. तिच्यावर काही उगवलं, तर तो सगळा घाणा टाकून द्यायचा.

मग गाठी. रोप उपटू नका, मातीसकट खणून काढा आणि हलक्या धारेखाली धुवा. टपोरी गाठ निवडा. तिच्या शेजारची एखादी कापून बघा: आत गुलाबी असेल तर गाठी कामात आहेत, हिरवट किंवा तपकिरी असेल तर म्हाताऱ्या झाल्या आहेत. निवडलेली गाठ मुळाला लागून कापू नका, दोन्ही बाजूंना मुळाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा राहू द्या. चिमट्याने धरायला तो उपयोगी पडतोच, शिवाय जंतुनाशक कापलेल्या तोंडातून गाठीत शिरून आतले जिवाणू मारत नाही. मी सुरुवातीला गाठी मुळालगत खुडायचो, आणि प्लेटवर काहीच का येत नाही ते कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

गाठीच्या पृष्ठभागावर मातीतले असंख्य जिवाणू बसलेले असतात. ते घालवायला 95 टक्के अल्कोहोलमध्ये 10 सेकंद, नंतर 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये 3 मिनिटं आणि मग निर्जंतुक पाण्याचे सहा वाडगे, एकापाठोपाठ एक. हे सहाही वाडगे क्रमाने मांडून ठेवल्याशिवाय गाठ बुडवू नका. ऐनवेळी पाणी शोधायला गेलात तर 3 मिनिटांची 6 होतात. अल्कोहोलचं भांडं ज्योतीपासून लांब असू द्या. धुतलेली गाठ चिरडण्यापूर्वी एका वेगळ्या प्लेटवर घोळवा. या प्लेटवर काही उगवलं, तर बाहेरचा जिवाणू जिवंत राहिला होता हे पक्कं समजतं आणि आतल्या स्ट्रीकवर किती भरवसा ठेवायचा तेही.

आता ज्योतीजवळ निक्रोमच्या तारेचा लूप, चिमटा, काचेची कांडी, कोऱ्या प्लेट्स आणि मार्कर. नाव-तारीख झाकणावर न लिहिता प्लेटच्या बुडाला लिहा, झाकणं बदलतात. गाठ निर्जंतुक पाण्याच्या दोन-तीन थेंबांत चिरडली की पाणी दुधाळ होतं. समजा, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी जिवंत पेशी आहेत. 4 मिलिमीटरचा लूप साधारण 10 मायक्रोलिटर उचलतो, म्हणजे 1 लाख पेशी. प्लेटचे मनात चार भाग धरा. पहिल्या भागात त्या दाट पसरतात. लूप लाल होईपर्यंत जाळा, थंड होऊ द्या, प्लेट फिरवा आणि पहिल्या भागाच्या टोकातून एकदा-दोनदाच ओढून दुसऱ्या भागात न्या. शंभरातली एक पेशी पुढे गेली असं धरलं, तर दुसऱ्या भागात हजार येतात आणि तिसऱ्यात दहा. पाणी जास्त दाट असेल, तर तीच दहांची वेळ चौथ्या भागात येते. हे गणित लूप दर भागानंतर जाळला तरच जुळतं. न जाळता पुढे गेलात तर तोच लाखाचा साठा चारही भागांत फिरतो. लूप थंड झाला का ते अगरच्या कोऱ्या कडेला टेकवून बघा. चर्र आवाज आला तर अजून थांबा. हात हलका हवा. अगर फाटलं की जिवाणू त्या चरीत वाढतात आणि सुटी कॉलनी मिळत नाही.

प्लेट्स उलट्या, 28 अंशांवर, अंधारात ठेवा. उजेडात काँगो रेडचा भेद तितका विश्वासार्ह राहत नाही. हरभऱ्याचा जिवाणू दिसायला तीन ते पाच दिवस घेतो. दुसऱ्याच दिवशी भरभरून आलेली कॉलनी बहुधा पाहुण्याची असते. रायझोबियमची कॉलनी पांढरी, पाणीदार आणि चिकट दिसते, कारण ती रंग फारसा शोषत नाही. मातीतले बरेचसे इतर जिवाणू लालबुंद होतात.

फसगत नेमकी इथेच होते. सुटी, गोल, पांढरी कॉलनी दिसली म्हणजे शुद्ध कल्चर हाती आलं, असं मीही एकदा धरून चाललो होतो. ती कॉलनी तिरप्या अगरवर लावली आणि आठवड्याने कडेला लाल ठिपके दिसले. शुद्ध कल्चर म्हणजे एकाच पेशीची संतती. प्लेटवर आपल्याला पेशी दिसत नाही, तिचा ढीग दिसतो, आणि तो एकाच पेशीपासून झाला हा आपला अंदाज असतो. रायझोबियमचा चिकट थर दुसऱ्या जिवाणूला कुशीत घेऊन बसू शकतो. दोन पेशी चिकटून एकाच जागी पडल्या तरी कॉलनी एकच दिसते. म्हणून निवडलेल्या कॉलनीचा कण लूपने तसाच पुढे न नेता निर्जंतुक पाण्यात घोळा, म्हणजे चिकटलेल्या पेशी सुटतात, आणि मग नव्या प्लेटवर स्ट्रीक करा. असं किमान तीनदा. त्यासाठी पहिल्याच दिवशी चार प्लेट्स जास्त ओतून ठेवा.

तिसऱ्या वेळी सगळ्या कॉलनी आकार, रंग आणि चिकटपणात सारख्या असाव्यात. एकीचं ग्रॅम स्टेनिंग करा: गुलाबी, ग्रॅम-निगेटिव्ह, आखूड काड्या, सगळ्या एकाच प्रकारच्या. जांभळी पेशी दिसली तर मागे जा. पण तेवढ्याने तो रायझोबियमच आहे हे ठरत नाही, कारण अॅग्रोबॅक्टेरियमही ग्रॅम-निगेटिव्ह काडीच असतो आणि फिकट कॉलनीत लपू शकतो. खरी कसोटी झाडावर लागते. निर्जंतुक वाळूत, नत्राशिवाय वाढवलेल्या हरभऱ्याच्या रोपांना हे कल्चर द्या आणि शेजारी न दिलेली रोपं ठेवा. तीन-चार आठवड्यांत दिलेल्यांना गुलाबी गाठी आल्या आणि न दिलेल्यांना आल्या नाहीत, तर कल्चरच्या नळीवर नाव लिहा. नावाखाली किती वेळा स्ट्रीक केलं तो आकडाही घाला.